नातेवाईकाला घर भाड्याने देताय? चावी देण्याआधी काय ठरवायचं आणि कुठल्या क्रमाने

नात्यात घर भाड्याने दिलं की भांडण भाड्याच्या आकड्यावरून क्वचितच होतं, ते होतं कुणी न बोललेल्या गोष्टींवरून. सवलत दिली पण ती किती दिवस ते कुणीच बोललं नाही, गीझर बंद पडला तर पैसे कुणाचे ते ठरलं नाही, भाडं उशिरा आलं तर कोण कुणाला विचारणार हे माहीत नाही, आणि मग सहा महिन्यांनी दोन्हीकडचे लोक मनात वेगवेगळा हिशोब घेऊन एकाच लग्नात समोरासमोर येतात. बहुतेक जण आधी चावी देतात आणि "बघू नंतर, घरचाच माणूस आहे" म्हणतात. क्रम इथेच चुकतो, कारण सामान आत आल्यावर कुठलीही अट घातली की समोरच्याला ती अट वाटत नाही, अविश्वास वाटतो. तीच गोष्ट चावी द्यायच्या आधी बोललात तर कुणाला काही वाटत नाही.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय. मामा आणि मामीच्या नावावर एक रिकामा फ्लॅट आहे, भाचा लग्न होऊन त्यात राहायला येणार आहे. पैशाचे आकडे कुणालाही लागू पडावेत म्हणून बाजारभावाचं भाडं १०० धरलंय, बाकी सगळं त्या हिशोबात.

## १. आधी स्वतःच्या घरात बोला

भाच्याला काहीही कबूल करायच्या आधी मामा-मामीने दोघांनीच बसून बोलायचं. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांची संमती लागतेच, पण नाव एकाचं असलं तरी बोला. भाचा मामाचा असतो, आणि भाडं थकलं की घरात चिडचिड मामीची होते, किंवा उलट. घर वडिलोपार्जित असेल आणि भावाबहिणींचा हिस्सा असेल तर मग प्रत्येकाचा होकार लेखी घ्या, साधा मेसेज चालेल, पण त्यात भाडं किती आणि ते कुणाच्या खात्यात जाणार हे स्पष्ट असू दे. एका भावाने परस्पर पुतण्याला घर दिलं आणि बाकीच्यांना नंतर कळलं, की मग वाद भाडेकरूशी राहत नाही, मालकीवर जातो.

या बोलण्यात तीन प्रश्नांची उत्तरं काढा. घराचा दरमहाचा खर्च किती आहे, म्हणजे कर्जाचा हप्ता, मेंटेनन्स, कर, विमा, आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढायचे थोडे पैसे. दोन-तीन महिने भाडं आलंच नाही तर आपण हा खर्च खिशातून करू शकतो का. आणि सगळ्यात अवघड प्रश्न, वेळ आली तर आपण या माणसाला "आता घर सोड" असं म्हणू शकतो का.

तिसऱ्याचं उत्तर मनापासून "नाही" असेल तर भाड्याने देऊ नका. मदत करायची असेल तर दुसरीकडे घर घ्यायला डिपॉझिटला हातभार लावा, त्या रकमेची हद्द तुम्हाला माहीत असते. भाड्याने दिलेल्या घराची हद्द, बाहेर काढता येत नसेल तर, तुमच्या हातात नसते.

तपासा: घरावर कर्ज असेल तर भाड्याने द्यायला बँकेची परवानगी लागते का, आणि विम्यात "मालक स्वतः राहतो" असं लिहिलंय का. दुसऱ्यात बदल न करता भाडेकरू ठेवला तर नुकसान झाल्यावर क्लेम अडू शकतो.

## २. पूर्ण भाडं आणि सवलत वेगळी लिहा

सगळ्या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

मामा काय करतो, तर १०० चं घर भाच्याला ८० ला देतो आणि कागदावर ८० लिहितो. मामाच्या डोक्यात तो दरमहा २० ची मदत करतोय. भाच्याच्या डोक्यात या घराचं भाडं ८० आहे. वर्षाने मामा म्हणतो १०० कर, भाच्याला ते ताबडतोब पंचवीस टक्के वाढ म्हणून दिसतं, आणि घरच्या माणसाने इतकी वाढ केली म्हणून तो दुखावतो. दोघंही खोटं बोलत नसतात, फक्त दोघांचा सुरुवातीचा आकडा वेगळा असतो.

म्हणून कागदावर तीन ओळी हव्यात. भाडं १००. सवलत २०, पहिल्या बारा महिन्यांसाठी. तेराव्या महिन्यापासून १००. सवलतीला शेवटची तारीख असलीच पाहिजे, हवं तर तेव्हा पुन्हा वाढवा, पण वाढवणं ही बोलून केलेली गोष्ट असली पाहिजे, आपोआप चालू राहिलेली नको.

आता १०० हा आकडा काढायचा कसा. जाहिरातीत असतं ते मागितलेलं भाडं, त्यावर जाऊ नका. त्याच बिल्डिंगमध्ये किंवा आसपास, तेवढ्याच आकाराच्या दोन-तीन घरांचं प्रत्यक्ष ठरलेलं भाडं विचारा, आणि भाच्यालाही स्वतः विचारू द्या. दोघांनी वेगवेगळं विचारून आणलेला आकडा साधारण जुळला की त्यावर नंतर कुणी शंका घेत नाही. सवलत देताना खालची मर्यादा म्हणजे पहिल्या पायरीत काढलेला दरमहाचा खर्च. आपल्या उदाहरणात तो ७० निघाला, म्हणून मामा ८० ला तयार होतो, ६० ला नाही. खर्चाच्या खाली गेलात तर दरमहा खिशातून पैसे जाणार, आणि दरमहा पैसे गेले की मन मोठं ठेवणं कठीण होतं.

सावधान: भाड्याच्या बदल्यात काम ठरवू नका. "तू आजीला दवाखान्यात नेत जा, भाडं कमी घेतो" हे ऐकायला छान आहे पण कुठल्या महिन्यात किती फेऱ्या झाल्या हा हिशोब कुणालाच ठेवता येत नाही. काम हवंच असेल तर त्याचा आकडा ठरवा, भाडं पूर्ण घ्या आणि कामाचे पैसे वेगळे द्या.

सावधान: काही देशांत बाजारभावापेक्षा कमी भाड्याने नातेवाईकाला घर दिलं तर घराचा खर्च करात दाखवण्यावर मर्यादा येते. सवलत पक्की करायच्या आधी कर भरणाऱ्या तुमच्या नेहमीच्या माणसाला एकदा विचारा.

## ३. अॅग्रीमेंट करा, आणि त्यात या चार गोष्टी असू द्या

अनोळखी माणसाशी करतात तेच अॅग्रीमेंट करायचं, तुमच्याकडे नोंदणी किंवा स्टँप लागत असेल तर तोही करायचा. छापील नमुन्यात नावं, मुदत, भाडं हे सगळं असतंच. नात्यातली भांडणं ज्यावरून होतात ते मात्र त्यात नसतं, ते हाताने घालावं लागतं.

पहिली गोष्ट, घरात कोण राहणार. नवरा-बायको दोघं, हे नावानिशी. भाच्याचा धाकटा भाऊ शिकायला आला आणि दोन वर्षं राहिला तर ते घर मामाने दोघांना दिलं की तिघांना हा प्रश्न येतोच, आणि नात्यात "त्याला कसं नाही म्हणू" म्हणून कुणी बोलत नाही. ठरवून टाका, पाहुणा म्हणून अमुक आठवडे ठीक, त्यापुढे आधी विचारायचं.

दुसरी, दुरुस्ती. सोपी वाटणी अशी: भिंतीच्या आतलं आणि घरासोबत आलेलं ते मालकाचं, म्हणजे पाइपलाइन, वायरिंग, गळणारं छत, वयाने खराब झालेला गीझर. रोजच्या वापराने बदलावं लागतं ते राहणाऱ्याचं, म्हणजे बल्ब, नळाचे वॉशर, तुंबलेलं सिंक. आणि एक आकडा ठेवा, समजा ५, त्यापेक्षा जास्त खर्चाचं काम आधी विचारल्याशिवाय करायचं नाही, अपवाद फक्त पाणी वाहतंय किंवा वायर जळतेय असा.

तिसरी, बदल. रंग, कपाट, खिळे, एसीसाठी भिंतीला भोक. परवानगी घेऊन केलं तरी जाताना ते कुणाचं, पैसे परत मिळणार की नाही, हे त्याच मेसेजमध्ये लिहायचं. भाच्याने आवडीने किचनचे ट्रॉलीवाले ड्रॉवर बसवले, मामा "छान झालं" म्हणाला, दोन वर्षांनी भाचा त्याचे पैसे मागतो आणि मामाला वाटतं ते त्याने हौसेने केलं होतं. "छान झालं" हे उत्तर इथे पुरत नाही.

चौथी, नोटीस. दोन्ही बाजूंना सारखीच, दोन महिने धरा, तुमच्याकडे कायदा जास्त सांगत असेल तर तेवढी. मालकाला घर स्वतःसाठी किंवा विकायला लागलं तर हेसुद्धा आत्ताच बोलून लिहा. मामाची मुलगी तीन वर्षांत या शहरात परतणार असेल तर भाच्याला ते पहिल्या दिवशी माहीत पाहिजे, तो मुलांची शाळा त्या हिशोबाने बघेल.

तपासा: अॅग्रीमेंट भाच्याने आणि सुनेने दोघांनी स्वतः वाचलंय ना. फक्त सही घेतली तर नंतर "आम्हाला हे सांगितलंच नव्हतं" होतं. एकदा चहाला बसवून एकेक कलम मोठ्याने वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

## ४. डिपॉझिट घ्या, आणि वेगळं ठेवा

नात्यात डिपॉझिट मागायला जीभ रेटत नाही, हे खरं आहे. पण डिपॉझिट नसलं तर जाताना फुटलेल्या बेसिनचे पैसे थेट मागावे लागतात, आणि ते मागणं त्याहून कितीतरी अवघड. एकदम जमत नसेल तर तीन-चार हप्त्यांत घ्या, पण घ्या. आणि ते स्वतःच्या रोजच्या खात्यात टाकून वापरू नका, वेगळं ठेवा, म्हणजे जायच्या दिवशी "पुढच्या महिन्यात देतो" अशी वेळ मामावर येत नाही. तेही तितकंच नातं बिघडवतं.

शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापायचं नाही हे लिहून ठेवा. तसं कापलं की घर बघायच्या दिवशी हातात काहीच उरत नाही.

## ५. रिकाम्या घराचा व्हिडिओ, दोघांच्या समोर

सामान यायच्या आदल्या दिवशी मामा आणि भाचा दोघं मिळून घरात फिरायचं आणि एकाने फोनवर व्हिडिओ घ्यायचा. दारापासून सुरू करा, प्रत्येक खोलीत घड्याळाच्या दिशेने चारही भिंती, मग छताचे कोपरे, मग फरशी. ओल असेल तिथे थांबून जवळून घ्या. प्रत्येक नळ सोडून दाखवा, फ्लश ओढून दाखवा, गीझर चालू करून दिवा लागतो का दाखवा, कपाटांची दारं उघडून आतला भाग, ओट्याखालचा पाइप. शेवटी विजेचं आणि गॅसचं मीटर रीडिंग आकडे वाचता येतील असं, आणि हातात चाव्या घेऊन किती आहेत ते मोठ्याने बोला.

हा व्हिडिओ दोघांच्या फोनवर हवा, आणि सोबत एक छोटा मेसेज: "बेडरूमच्या खिडकीखाली ओल आहे, बाथरूमच्या दोन टाइल्सना आधीपासून तडा आहे, चाव्या तीन." भाच्याने उत्तरात "बरोबर" लिहिलं की झालं. यात भाच्याचंही संरक्षण आहे हे त्याला सांगा, कारण आधीची ओल उद्या त्याच्या माथी मारली जाऊ शकते.

सावधान: मामाचं जुनं सामान घरात ठेवू नका. "एक कपाट आमचं बंद राहील" म्हटलं की महिन्यातून दोनदा काहीतरी घ्यायला म्हणून कुणीतरी येणार, आणि सुनेला ते घर कधी आपलं वाटणार नाही. ठेवायलाच लागलं तर यादी करा आणि भाड्यातून त्या जागेचा हिशोब कमी करा.

जाण्यायेण्याचंही तेव्हाच ठरवा. मालकाकडे जास्तीची चावी असली तरी ती आणीबाणीसाठी. घर बघायचं असेल तर आदल्या दिवशी मेसेज, आणि पाहुणे म्हणून जायचं असेल तर पाहुण्यासारखी बेल वाजवून. दोन्ही एका फेरीत मिसळू नका, चहा पिता पिता भिंतीवरच्या डागाकडे बघणारा मामा कुणालाच आवडत नाही.

## ६. भाडं खात्यातून, पूर्ण, ठरलेल्या तारखेला

भाच्याच्या बँकेत दरमहा आपोआप जाणारी सूचना लावून घ्या, पगाराच्या दोन-तीन दिवस नंतरची तारीख धरून. रोख नको, आणि रोख घेतलेच तर त्याच मिनिटाला "मार्चचं भाडं मिळालं" असा मेसेज.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कापाकापी. भाच्याने प्लंबर बोलावला, ४ खर्च झाले, तो भाडं ७६ पाठवतो. पुढच्या महिन्यात मामाने त्याच्यासाठी काहीतरी आणलं, ते ६ चं, म्हणून ८६ यायला हवे होते पण आले ८०. असं वर्षभर चाललं की कुणालाच खरा आकडा माहीत नसतो आणि दोघांनाही वाटतं आपले थोडे राहिलेत. नियम एकच: भाडं नेहमी पूर्ण जाणार, दुरुस्तीचं बिल फोटोसकट वेगळं येणार, आणि मामा ते आठवड्याच्या आत वेगळं परत करणार. मामाने हे आठवड्याचं पाळलं नाही तर भाचा कापणारच, तेव्हा ही जबाबदारी मालकाची जास्त.

पैशाबद्दल बोलणारी माणसं दोनच, इकडून एक आणि तिकडून एक. उदाहरणात मामा आणि भाचा. भाच्याची आई म्हणजे मामाची बहीण, ती फोन करून "दादा, या महिन्यात जरा सांभाळून घे रे" म्हणणार हे गृहीत धरा, आणि तेव्हा मामाने इतकंच म्हणायचं, "अगं, त्याला मला फोन करू दे, मी त्याच्याशी बोलतो." तिच्याकडून निरोप घेतला की पुढचा प्रत्येक निरोप तिच्यामार्फत येईल. फॅमिली ग्रुपवर भाड्याचा विषय गमतीतही काढायचा नाही.

## ७. भाडं थकलं तर

पैसे नाही आले की मामा संकोचाने गप्प बसतो, भाचा लाजेने गप्प बसतो, आणि तिसऱ्या महिन्यात मामा एकदम सगळं बाहेर काढतो. म्हणून विचारायचं कधी हे आधीच ठरलेलं असू द्या. तारीख पाच असेल तर सहाला साधा मेसेज, "भाडं दिसलं नाही, बघशील का." दहापर्यंत काही नाही तर फोन. भाच्याकडूनही एक कबुली हवी, अडचण दिसली की तारखेच्या आधी सांगायचं.

आता समजा पाचव्या महिन्यात भाच्याची नोकरी गेली. तो चार तारखेला फोन करतो, म्हणतो अर्धंच जमेल. मामाचा दरमहाचा खर्च ७०, हातात येणार ४०, म्हणजे ३० खिशातून. पहिल्या पायरीत हे बोलून झालंय म्हणून मामा तीन महिन्यांना हो म्हणतो, तीनच, आणि लिहितो: पाचवा, सहावा, सातवा महिना ४०, बाकी ४० उधार. सातव्याच्या शेवटी उधारी १२० झाली.

आठव्यात भाच्याला नवी नोकरी लागली. दरमहा १५ जादा द्यायचं ठरलं, म्हणजे आठ महिने, आठव्यापासून पंधराव्यापर्यंत. पण कागदावर मांडल्यावर दिसलं की बाराव्यापर्यंत तो ९५ देईल आणि तेराव्याला सवलत संपणार, म्हणजे अचानक ११५. तिथे तो पुन्हा अडखळला असता. मग दोघांनी ठरवलं की सवलत तीन महिने पुढे न्यायची, पंधराव्यापर्यंत ९५ आणि सोळाव्यापासून १००. त्यासाठी मामाने आणखी ६० सोडले, आणि तेही लिहिलं, कारण ही ६० ची मदत आहे आणि १२० ची उधारी होती, या दोन गोष्टी मिसळता कामा नयेत. जे माफ केलं ते "माफ" असं स्पष्ट लिहा. अर्धवट माफ केलेली रक्कम वर्षानुवर्षं टोचत राहते, दोघांनाही.

तपासा: ठरवलेली मुदत संपली आणि तरी पैसे येत नाहीत, दोनदा नवी तारीख दिली आणि दोन्ही गेल्या, तर आणखी एक तारीख देऊ नका. नोटिशीवर बोलायची वेळ आहे, उधारी जितकी वाढेल तितकं नंतर भेटणं अवघड होतं.

## ८. घर सोडताना

घर रिकामं करायला सांगायचं असेल तर आधी समोर बसून सांगा, कारण सांगा, आणि त्याच संध्याकाळी लेखी नोटीस पाठवा. नुसती नोटीस गेली तर अपमान वाटतो, नुसतं तोंडी सांगितलं तर दोन महिने कधीपासून धरायचे यावर वाद होतो. सण किंवा घरातल्या कार्यात हा विषय काढायचा नाही.

जायच्या दोन आठवडे आधी एकदा घर बघून घ्या, पाचव्या पायरीतला व्हिडिओ हातात घेऊन. भिंतीचा रंग फिका पडला, पडद्याच्या जागी डाग आला, नळ जुना झाला, हे राहण्याने होतं, त्याचे पैसे घेऊ नका. फुटलेली काच, जळालेला ओटा, दाराला पडलेलं भोक, हे नुकसान, ते भाच्याने या दोन आठवड्यांत स्वतः दुरुस्त करावं किंवा त्याचा खर्च कापायला हो म्हणावं. वस्तू जुनी असेल तर नव्याची पूर्ण किंमत कापू नका, दहा वर्षं टिकणारी वस्तू सात वर्षं वापरून झाली असेल तर उरलेल्या तीन वर्षांपुरतीच.

शेवटच्या दिवशी मीटर रीडिंग, चाव्या मोजून, आणि सोबत एक हिशोब: डिपॉझिट इतकं, कापलं इतकं आणि कशासाठी, बिलाचा फोटो, परत इतकं. काहीच कापायचं नसेल तर पैसे त्याच दिवशी पाठवा, बिलं यायची असतील तर तेवढी रक्कम ठेवून बाकीची त्याच दिवशी. भाच्याने "मिळाले, हिशोब पूर्ण" असं लिहिलं की दोघांनी ते जपून ठेवा, आणि विजेचं बिल व घराचा पत्ता त्याच्या नावावरून बदलला गेलाय का हे पुढच्या महिन्यात एकदा बघा.